बसलं की दुखतं: माकडहाड, गोल उशी आणि तीन महिने

ग्योतोकुमध्ये आम्ही राहतो त्या इमारतीचा जिना बाहेरच्या बाजूला आहे, लोखंडी आणि उघडा. फेब्रुवारीतल्या एका सकाळी पाऊस पडत होता, मला उशीर झाला होता, आणि शेवटच्या चार पायऱ्या उरलेल्या असताना माझा पाय सटकला. मी थेट पायरीच्या कडेवर बसले. बसले कसली, आदळले. सगळ्यात आधी मी काय केलं असेल, तर कुणी बघितलं का ते पाहिलं. मग उठून स्टेशनवर गेले. तोझाई लाईनला सकाळी बसायला जागा मिळायचा प्रश्नच नसतो, त्यामुळे सगळा प्रवास उभ्याने झाला, आणि मला वाटलं, चला, फार काही लागलं नाही.

प्रयोगशाळेत खुर्चीवर टेकले तेव्हा समजलं. पहिली पाच मिनिटं बरी गेली, दहाव्या मिनिटाला खाली काहीतरी टोचायला लागलं, आणि चहा आणायला उठले तेव्हा ज्या क्षणी शरीराचं वजन खुर्चीवरून पायांवर आलं, त्या क्षणी अशी कळ गेली की टेबलाची कड धरून उभी राहिले.

तुम्ही हे वाचताय म्हणजे कदाचित तुम्हीही कधी असे आदळला असाल. किंवा पडला नसाल, पण थिसिस लिहिताना, परीक्षेच्या अभ्यासात किंवा घरून काम करताना महिनोन्‌महिने वाईट खुर्चीवर बसून हेच दुखणं ओढवून घेतलं असेल. या हाडाबद्दल बोलायला लोक लाजतात, म्हणून माहितीही अर्धवट फिरते: 'त्याला काही इलाज नसतो', 'गोल उशी घे', 'एक्स-रेमध्ये काही नाही ना, मग झालं'. या तिन्ही वाक्यांत थोडं खरं आहे आणि बरंच चुकीचं आहे. मी डॉक्टर नाही. माझं काम पॉलिमरच्या फोमवर आहे, म्हणजे दाब पडला की फोम कसा बसतो आणि परत कसा उठतो यावर. पण त्यामुळेच या दुखण्याची यांत्रिक बाजू मला जास्त नीट कळली, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

बसल्यावर नक्की काय होतं

माकडहाड म्हणजे पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक. तीन ते पाच छोटे मणके, बहुतेकांत चार, एकमेकांना आणि वरच्या त्रिकास्थीला जोडलेले. ते टोक पुढच्या बाजूला वळलेलं असतं. आपल्याला वाटतं तसं ते निकामी अवशेष नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि काही अस्थिबंध त्याला येऊन जोडलेले असतात. त्यामुळे तिथे इजा झाली की कधीकधी शौचाला जोर करतानाही दुखतं.

आता ताठ बसून बघा. तुमचं वजन दोन बैठकीच्या हाडांवर येतं. हाताच्या तळव्यावर बसलात तर ती दोन टणक टोकं हाताला लागतील. माकडहाड या वेळी जवळपास अधांतरी असतं. आता हळूहळू मागे रेला, कंबर गोल करून सोफ्यावर लोळल्यासारखं बसा. ओटीपोट मागे कलतं, वजन बैठकीच्या हाडांच्या मागे सरकतं, आणि तिसरा टेकू तयार होतो: माकडहाड. म्हणून या दुखण्याचा एक ओळखीचा नमुना आहे. मागे रेलून बसलं की जास्त दुखतं, पुढे झुकून बसलं की कमी. चालताना आणि उभं असताना फारसं नाही. बसल्यावरून उठताना कळ. आणि दुखतं कुठे विचारलं, तर माणूस एका बोटाने दाखवू शकतो, अगदी खाली, नितंबांच्या फटीच्या वरच्या भागात.

बसताना माकडहाड स्थिर नसतं, थोडं हलतं. हे किती हलतं ते पॅरिसमधले डॉक्टर जाँ-इव्ह मेन यांनी 1990 च्या दशकात साध्या पण हुशार पद्धतीने मोजलं. त्यांनी रुग्णाचे बाजूने दोन एक्स-रे काढले. एक उभं असताना, आणि दुसरा कठीण स्टुलावर, जास्तीत जास्त दुखेल असं मागे रेलून बसवून. मग दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली. साधारण 5 ते 25 अंशांपर्यंतची हालचाल सामान्य धरली जाते. काहींचं माकडहाड 25 अंशांहून जास्त वाकत होतं, काहींचं बसल्यावर सांध्यातून मागे सरकत होतं, आणि उभं राहिल्यावर पुन्हा जागेवर येत होतं.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यातला एक गोंधळ सुटला. पडल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले होते. एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या आणि चिकटवायच्या औषधी पट्ट्या दिल्या. त्या निदानात चूक काहीच नव्हती. पण तो एक्स-रे मी आडवी असताना काढलेला होता, आणि माझं दुखणं बसल्यावरचं होतं. सांध्याच्या हालचालीत बिघाड असेल तर आडव्या स्थितीतल्या चित्रात तो न दिसणं अगदी शक्य आहे. 'एक्स-रे नॉर्मल' याचा अर्थ मोठं फ्रॅक्चर दिसत नाही, एवढाच. दुखणं मनाचं आहे असा त्याचा अर्थ नाही.

मेन यांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. वजन जास्त असलेल्या लोकांत हा त्रास जास्त दिसला, कारण बसताना ओटीपोट पुरेसं फिरत नाही आणि माकडहाड जास्त उभ्या कोनात खुर्चीवर टेकतं. उलट अगदी बारीक लोकांत, टोकावरच्या हाडाच्या छोट्या काट्यावर पुरेशी गादीच नसल्यामुळे दुखत होतं. एकूण रुग्णांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त असतात. ओटीपोटाची रचना वेगळी असते, आणि बाळंतपणात हे हाड मागे ढकललं जातं. बाळंतपणानंतर 'बसवत नाही' म्हणणाऱ्या बाईला टाक्यांमुळेच दुखतंय असं गृहीत धरू नये, ते यासाठी.

गोल उशीची गोष्ट

जपानमध्ये मध्ये भोक असलेल्या गोल उशीला एन्झा म्हणतात. औषधांच्या दुकानात, फर्निचरच्या दुकानात, सगळीकडे मिळते. डॉक्टरांकडून येताना मीही एक घेतली. तीन आठवडे इमानेइतबारे तिच्यावर बसले. फरक जवळजवळ शून्य.

कारण साधं आहे. कड्यासारखी उशी मधल्या भागावरचा दाब काढते. मूळव्याध असेल, प्रसूतीचे टाके असतील, तर दुखरा भाग मध्येच असतो आणि ती उपयोगी पडू शकते. पण माकडहाड मध्ये नाही, मागे आहे. आपण गोल उशीवर बसतो तेव्हा मागची कड बरोबर त्याच्या खाली किंवा त्याला लागून येते. वर भोकात शरीर थोडं खचतं, ओटीपोट मागे कलतं, आणि जे टाळायचं तेच होतं. काही जणांना गोल उशीने बरं वाटतं, तसं असेल तर बदलायची गरज नाही. पण माकडहाडासाठी पहिली निवड म्हणून मी ती सुचवणार नाही.

हवी ती उशी इंग्रजी यू अक्षरासारखी, मागच्या बाजूने उघडी असलेली. खाच पाठीकडे ठेवायची, म्हणजे माकडहाडाखाली काहीच येत नाही. मागे जाड आणि पुढे उतरती असेल तर आणखी चांगलं, कारण त्या उतारामुळे ओटीपोट आपोआप पुढे कलतं आणि वजन परत बैठकीच्या हाडांवर येतं. उशी घेताना ब्रँडपेक्षा तीन गोष्टी बघा.

पहिली, ती तळाला टेकते का. फोम हाताने दाबून मऊ लागला म्हणजे चांगला, असं नसतं. खूप मऊ फोम तुमच्या वजनाखाली पूर्ण चेपला जातो, आणि मग तुम्ही फोमवर नाही, खालच्या खुर्चीवरच बसलेले असता. खाच असली तरी तिची खोली उरत नाही. पाच मिनिटं बसा आणि मग मागून खाचेत आपली बोटं सरकवा, किंवा घरच्या कुणाला सरकवायला सांगा. माकडहाड आणि खुर्ची यांच्यामध्ये बोटं सहज जायला हवीत. अडकली, तर उशी तुमच्या वजनाला कमी पडतेय. लगेच नाही, पाच मिनिटांनी तपासायचं, कारण मेमरी फोम हळूहळू बसतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. मेमरी फोम थंडीत कडक होतो आणि अंगाच्या उबेने मऊ पडतो. इथल्या घरांत हिवाळ्यात खोल्या चांगल्याच गार असतात. सकाळी दगडासारखी वाटणारी उशी दुपारी पार बसलेली असते. दुकानात उबेत बसून बघितलेली उशी घरी वेगळी वागली, तर हे त्याचं कारण असू शकतं.

तिसरी गोष्ट खुर्चीची उंची. उशीमुळे तुम्ही चार-पाच सेंटिमीटर वर जाता. पाय लटकायला लागले की माणूस पुढे घसरतो आणि पाठ मागे टाकतो, म्हणजे पुन्हा त्याच हाडावर. उशी ठेवल्यावर खुर्ची तेवढी खाली घ्या. घेता येत नसेल तर पायाखाली काहीतरी ठेवा. माझ्या पायाखाली बरेच दिवस प्रिंटरच्या कागदांचा गठ्ठा होता.

जमिनीवर बसायची सवय असेल तर एक सांगते. मांडी घालून बसलं की बहुतेकांची कंबर गोल होते. भिंतीला टेकून पाय पसरून बसणं त्याहून वाईट. वज्रासनात, म्हणजे जपानी पद्धतीने टाचांवर बसलं, की वजन टाचांवर येतं आणि माकडहाड मोकळं राहतं. गुडघे कुरकुरत नसतील तर जेवायच्या टेबलाशी थोडा वेळ तसं बसून बघा. मला त्या दिवसांत घरात तेवढी एकच बैठक सुखाची होती.

किती दिवस लागतात

नुसता मुका मार असेल तर बहुतेकदा चार आठवड्यांच्या आसपास बरं वाटायला लागतं. फ्रॅक्चर असेल तर आठ ते बारा आठवडे. हात मोडला तर प्लॅस्टर घालून हलणं थांबवता येतं. इथे प्लॅस्टर घालता येत नाही, आणि प्रत्येक वेळी बसलं की त्याच जागेवर पुन्हा दाब येतो. जखम भरत नाही असं नसतं. आपण तिला रोज आठ तास डिवचत असतो. म्हणून गोळ्यांपेक्षा उशी आणि बसण्याची वेळ जास्त महत्त्वाची.

मी एका वहीत रोज एकच आकडा लिहायचे: दुखायला लागेपर्यंत किती मिनिटं बसता आलं. पहिल्या आठवड्यात 10. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, गोल उशीवर, 15. चौथ्या आठवड्यात उशी बदलली आणि मिनिटं संपायच्या आत उठायचा नियम केला, म्हणजे 15 मिनिटं सहन होत असतील तर बाराव्या मिनिटाला उभं राहायचं. पाचव्या आठवड्यात 25. आठव्यात 50. बाराव्या आठवड्यात मी मोजायचं विसरले, आणि त्याचा अर्थ काय ते तुम्हाला कळलंच असेल. हा एका व्यक्तीचा अनुभव आहे, आणि उशी बदलली नसती तरी वेळ जाऊन फरक पडलाच असता, हेही मला मान्य आहे. पण आकडा लिहिल्याचा एक फायदा नक्की झाला. 'आज पण दुखतंय' या निराशेच्या जागी 'मागच्या आठवड्यापेक्षा दहा मिनिटं जास्त' असं दिसायला लागलं. आणि आकडा दोन-तीन आठवडे वाढलाच नाही, किंवा उलटा जायला लागला, तर डॉक्टरांना सांगायला ठोस काहीतरी हातात असतं.

पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. नंतर शेक बरा वाटला तर शेक. उठताना आधी कमरेतून पुढे झुका, वजन पायांवर घ्या, मग सरळ व्हा. ती कळ यामुळे खूप कमी होते. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. परदेशात पालेभाज्या आणि पाणी दोन्ही कमी होतं, वर काही वेदनाशामकांनी पोट आणखी बांधलं जातं. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

दोन-तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर पुढचे रस्ते आहेत: बसलेल्या स्थितीतला एक्स-रे, गरज वाटल्यास एमआरआय, ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, सांध्याजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन. माकडहाड काढून टाकायची शस्त्रक्रियाही होते, पण ती शेवटी, बाकी सगळं करून सहा महिने उलटल्यावर. ती जागा गुदद्वाराच्या इतकी जवळ आहे की जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो. बहुसंख्य लोकांवर ती वेळ येत नाही.

कधी थांबायचं नाही

माझं दुखणं चालू असताना आईचा साताऱ्याहून फोन आला. ती बाथरूममध्ये बसली होती, म्हणजे माझ्यासारखीच आदळली होती. 'माझंही माकडहाडच गं, तुझ्यासारखी उशी आणते.' मी विचारलं, बोट ठेवून दाखवता येतं का? नाही म्हणाली, वर कमरेखाली सगळीकडेच दुखतंय. चालताना? चालवतच नाही. माझं नेमकं याच्या उलट होतं, मी चालताना बरी होते. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. तरी भावाने हट्टाने पुढची तपासणी करून घेतली, आणि एमआरआयमध्ये त्रिकास्थीला बारीक फ्रॅक्चर निघालं. हाडं विरळ झाली होती. साठीपुढच्या बायकांत साध्या पडण्यानेही हे होतं, आणि एक्स-रेमध्ये अनेकदा सुटतं. तिला उशी नको होती. तिला हाडांच्या विरळपणावरचं औषध हवं होतं. म्हणून पहिला इशारा हा: दुखणं वर किंवा पसरलेलं, आणि चालताना, वजन टाकताना जास्त, तर ते माकडहाड धरून बसू नका.

दुसरा इशारा तातडीचा आहे. दोन्ही मांड्यांच्या आतला भाग, जननेंद्रियांच्या आणि गुदद्वाराच्या आसपासची जागा बधिर वाटणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, पायांतली ताकद कमी होणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. कण्याच्या खालच्या टोकातल्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ही लक्षणं आहेत, आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं होऊ शकतं. जपानमध्ये 119, महाराष्ट्रात 108.

तिसरा: ताप, आणि त्या जागी लाल, गरम, ठसठसणारी गाठ किंवा पू. हा हाडाचा त्रास नसून फटीत केस रुतून झालेलं गळू असू शकतं. तेही जास्त बसणाऱ्या तरुणांतच दिसतं, म्हणून सहज गल्लत होते. त्यावर चीर देऊन पू काढावा लागतो, उशी बदलून काही होत नाही.

चौथा हळू येतो, म्हणून निसटतो. बसण्याशी संबंध नसलेलं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं, आठवड्यागणिक वाढणारं. सोबत वजन उतरणं, शौचातून रक्त, हाताला लागणारी गाठ, किंवा आधी कधी कर्करोग झालेला असणं. माकडहाडाच्या भागात गाठी क्वचितच होतात, पण होतात. न पडता, न जास्त बसता सुरू झालेलं दुखणं दोन-तीन आठवड्यांत हटलं नाही तर तपासून घ्या.

जपानमध्ये राहणाऱ्यांसाठी शेवटची एक व्यावहारिक गोष्ट. हाडांच्या डॉक्टरांच्या पाटीवर 'सेइकेइ गेका' असतं. 'केइसेइ गेका' ही प्लॅस्टिक सर्जरी. ऐकताना फरक एका अक्षराचा वाटतो, आणि मी पहिल्यांदा फोन लावला तो चुकीच्याच ठिकाणी. आत गेल्यावर 'बितेइकोत्सु' म्हणा, म्हणजे माकडहाड. मग 'बसल्यावर दुखतं, उभं असताना नाही' हे वाक्य जपानीत लिहून न्या आणि मिनिटांचा तो आकडा दाखवा. तपासताना डॉक्टर त्या टोकावर बोटाने दाबून बघतील, कधी हातमोजा घालून गुदद्वारातूनही तपासावं लागतं. लाजू नका. नेमकं तेच हाड दुखतंय का, हे ठरवायचा तो सगळ्यात सरळ मार्ग आहे.

त्या जिन्यावरून मी अजून रोज उतरते. पाऊस असेल तर कठडा धरून.